स्पीडोमीटर जास्त का दाखवतो आणि ओडोमीटर किलोमीटर कसे मोजतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटा १०० वर असतो तेव्हा मोबाईलचं जीपीएस ९५ दाखवतं. माझा मीटर खराब आहे का?

नाही, बहुतेक वेळा मीटर एकदम ठणठणीत असतो. नवीन कोरी गाडी असली तरी हाच प्रकार दिसतो, कारण कंपनीतूनच स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवेल असा सेट करून दिलेला असतो. १०० ला ९५ हा फरक तर अगदी नेहमीचा. काळजी कधी करायची, तर काटा जीपीएसपेक्षा कमी दाखवायला लागला तर, किंवा जो फरक आधी ५ चा होता तो टायर वगैरे काहीच न बदलता अचानक १५ चा झाला तर.

म्हणजे मुद्दाम खोटं दाखवतात? असं करायला परवानगी कशी काय आहे?

मुद्दाम हो, पण नियमात बसून, आणि नियमच तसा लिहिलेला आहे. बऱ्याच देशांत यूएन रेग्युलेशन ३९ हा नियम लागू आहे किंवा त्याच्यासारखाच काहीतरी. त्यातलं मुख्य म्हणणं दोन भागांत आहे. पहिलं, मीटरवरचा स्पीड खऱ्या स्पीडपेक्षा कधीच कमी नसावा, इथे अर्ध्या किलोमीटरचीही सूट नाही. दुसरं, जास्त दाखवायचं तर किती, त्याला वरची मर्यादा आहे: खऱ्या स्पीडचा दहावा भाग, अधिक ४ किमी प्रति तास.

आकड्यांत बघा. गाडी खरोखर ४० ने चालली असेल तर मीटर ४० ते ४८ मधलं काहीही दाखवू शकतो, ८० ला ८० ते ९२, आणि १२० ला १२० ते चक्क १३६. टेस्ट पण साधारण याच तीन स्पीडला घेतात.

आता इंजिनियरच्या जागी बसून विचार करा. खालच्या बाजूला भिंत आहे, वरच्या बाजूला ऐसपैस मोकळी जागा आहे. अशा वेळी कुणीही मीटर भिंतीला चिकटवून सेट करणार नाही, थोडा वरच ठेवणार, कारण एखाद्या गाडीत काही कारणाने २ टक्के इकडचे तिकडे झाले तरी ती खाली घसरायला नको. नियम असा एकतर्फी का, तर मीटर कमी दाखवत असेल तर माणूस नकळत लिमिट ओलांडतो, आणि त्याला ते कळायला काही मार्गच नसतो. जास्त दाखवला तर फार फार तर तो थोडा हळू जातो.

पण आता सगळं डिजिटल आहे, तरी एकदम बरोबर स्पीड का नाही दाखवता येत?

कारण गाडीला स्वतःचा स्पीड माहीतच नसतो! गाडीला फक्त चाक किती वेळा फिरलं एवढं कळतं. बाकी सगळं गृहीत धरलेलं असतं, की एका फेरीत गाडी इतकी पुढे जाते. आणि हा 'इतकी' वाला आकडा टायरवर अवलंबून असतो, जो कंपनीच्या हातात नाहीच, तुम्ही उद्या कुठला टायर टाकाल ते त्यांना काय माहीत.

एक टायर घेऊन हिशोब करूया म्हणजे नीट कळेल. १८५/६५ आर १५ ही साइज घ्या. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी, आणि १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी. साइडवॉल वर एक आणि खाली एक, म्हणून ३८१ मध्ये २४०.५ मिळवायचे, एकूण व्यास ६२१.५ मिमी. आता शाळेतल्यासारखं पाय ने गुणलं तर घेर येतो साधारण १,९५२ मिमी. पण गाडीखाली आलेला टायर रस्त्याला टेकतो तिथे थोडा चपटा होतो, त्यामुळे एका फेरीत गाडी तेवढी पुढे जात नाही. रेडियल टायरसाठी पाय ऐवजी ३.०५ ने गुणायची पद्धत आहे, मग येतात साधारण १,८९६ मिमी. म्हणजे एक किलोमीटरला चाकाच्या जवळपास ५२७ फेऱ्या.

हा १,८९६ चा आकडा कागदावरचा आहे हे लक्षात ठेवा. एकाच साइजच्या दोन कंपन्यांच्या टायरमध्येही प्रत्यक्षात थोडा फरक निघतो, कुणाचा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा खाचांचा रबराचा थर, जाड, कुणाचा खांदा गोल. आणि तोच टायर नवीन असताना आणि झिजल्यावर वेगळा.

टायर झिजला की मीटर जास्त दाखवतो की कमी?

जास्त. झिजला की चाक लहान होतं, लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, आणि गाडी फेऱ्याच मोजते.

किती जास्त ते पण काढता येतं. नवीन टायरचा ट्रेड साधारण ८ मिमी खोल असतो आणि १.६ मिमीला आला की टायर संपला असं धरतात. म्हणजे त्रिज्येत ६.४ मिमी गेले, व्यासात १२.८. आपल्या ६२१.५ च्या टायरमध्ये हे २ टक्क्यांच्या जरासं वर जातं. हा जास्तीत जास्त आकडा धरा, प्रत्यक्षात थोडा कमीच येतो, कारण रेडियल टायरच्या आतला स्टीलचा पट्टा झिजत नाही, त्याची लांबी तीच राहते आणि चाक किती पुढे जाईल हे बरंचसं तो पट्टा ठरवतो.

त्याच कारणाने हवा थोडी कमी असली तर लोकांना वाटतं तेवढा फरक पडत नाही. टायर खाली बसलेला दिसतो खरा, पण पट्ट्याची लांबी काही कमी झालेली नसते, फरक टक्क्याच्या अंशात राहतो. (काही गाड्या वेगळा प्रेशर सेन्सर न लावता याच बारीक फरकावरून कुठल्या चाकात हवा कमी आहे ते ओळखतात, चारही चाकांच्या फेऱ्यांची एकमेकांशी तुलना करून.)

यावरून अजून एक कळतं: मीटर सेट करताना खरी भीती झिजलेल्या टायरची नसते, कारण तो मीटरला वरच ढकलतो. भीती असते ती नव्या कोऱ्या, थोड्या मोठ्या टायरची, कारण तोच मीटरला भिंतीच्या खाली नेऊ शकतो.

जुन्या केबलवाल्या मीटरमध्ये काय असायचं? ते पण जास्तच दाखवायचे ना?

हो, आणि त्यांच्याकडे तर अजून कारणं होती. हा मीटर मला फार आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. जर्मनीतल्या ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढे कित्येक दशकं जवळपास प्रत्येक गाडीत हीच रचना होती.

गिअरबॉक्समधून किंवा पुढच्या चाकाकडून एक लवचिक केबल निघते, ती आवरणाच्या आत गोल गोल फिरते आणि मीटरच्या पाठीमागे एका लहानशा मॅग्नेटला फिरवते. या मॅग्नेटभोवती ॲल्युमिनियमची एक पातळ वाटी असते, तिचा काट्याच्या दांड्याशी संबंध आहे पण मॅग्नेटला ती कुठेच टेकलेली नाही. ॲल्युमिनियमला मॅग्नेट चिकटत नाही हे खरं, पण मॅग्नेट फिरायला लागला की वाटीत विजेचे भोवरे तयार होतात आणि ते वाटीला त्याच दिशेने ओढतात. वाटी मोकळी असती तर गरागरा फिरली असती, पण तिला केसासारखी बारीक स्प्रिंग मागे खेचत असते. ओढ स्पीडच्या प्रमाणात वाढते, स्प्रिंगचा ताण कोनाच्या प्रमाणात वाढतो, दोन्ही जिथे सारखे होतात तिथे काटा थांबतो. बॅटरी नाही, काही नाही.

आता यात काय काय बदलू शकतं बघा. मॅग्नेट वर्षानुवर्षं हळूहळू कमजोर होतो, मग ओढ कमी आणि काटा खाली. उन्हात डॅशबोर्ड तापला की ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स वाढतो, भोवरे कमजोर पडतात, पुन्हा काटा खाली (हे सांभाळायला मॅग्नेटला एका खास मिश्रधातूचा तुकडा जोडायचे जो तापल्यावर उलट परिणाम करतो). म्हणजे म्हातारपण आणि गरमी, दोन्ही काट्याला धोक्याच्या बाजूला नेणार, त्यामुळे सुरुवातीलाच काटा वर सेट करून ठेवण्यात अर्थ होता.

केबल कोरडी पडली की काटा थरथरायला लागतो हे जुन्या गाडीवाल्यांना माहीत असेल. केबल आवरणात अडकते, पिळली जाते, मग एकदम सुटते. काटा ठराविक तालात हलत असेल तर मीटर उघडण्याआधी केबल बघा.

आणि ओडोमीटर? तो अंतर कसं मोजतो?

ओडोमीटरचं काम स्पीडोमीटरपेक्षा सोपं आहे, त्याला वेळेशी काही घेणंदेणं नाही, त्याने फक्त मोजत राहायचं. कल्पना फार जुनी आहे, रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने साधारण दोन हजार वर्षांपूर्वी असा रथ वर्णन करून ठेवलाय ज्याच्या चाकाचा घेर साडेबारा फूट, ४०० फेऱ्या झाल्या की ५,००० फूट म्हणजे एक रोमन मैल, आणि दर मैलाला दात्यांच्या चाकातून एक खडा भांड्यात पडणार. प्रवास संपला की खडे मोजायचे.

केबलवाल्या मीटरमध्ये तीच केबल वर्म गिअरमधून स्पीड खूप कमी करून आकड्यांच्या ड्रमला फिरवायची. उजवीकडचा ड्रम एक पूर्ण फेरी मारतो तेव्हा त्याच्या कडेचा दाता शेजारच्या लहान पिनियनला ढकलतो आणि डावीकडचा ड्रम एक घर पुढे सरकतो. ९ चा ० होताना दोन ड्रम एकत्र फिरताना दिसायचे ते यामुळेच, आणि ९९९९९ चं ००००० होताना सगळी रांग एकदम हलायची. इथे वाटी नाही, स्प्रिंग नाही, मॅग्नेटचा काही संबंध नाही. दाते आहेत, आणि दाते एकतर मोजतात किंवा तुटतात, ते ५ टक्के जास्त मोजत नाहीत.

आताच्या गाड्यांत चाकाच्या हबवर एक दातेरी किंवा चुंबकीय रिंग असते, तिच्या शेजारी सेन्सर, बहुतेक वेळा एबीएसचाच, आणि एकेक दाता समोरून गेला की तो विजेचा एक ठोका, म्हणजे पल्स, पाठवतो. समजा रिंगला ४८ दाते आहेत. आपलं चाक एका फेरीत १,८९६ मिमी जातं, भागिले ४८, म्हणजे प्रत्येक दात्याला ३९.५ मिमी. एक किलोमीटर म्हणजे साधारण २५,३१६ पल्स. कॉम्प्युटर हे पल्स मोजत राहतो आणि हिशोब भरला की आकडा पुढे ढकलतो. स्पीड काढायला हेच पल्स एका सेकंदात किती आले ते बघतो, ८० च्या स्पीडला जवळपास ५६३ येतात.

दोघेही एकाच सेन्सरवर चालतात ना? मग स्पीडोमीटर ५ टक्के जास्त तर ओडोमीटर पण ५ टक्के जास्त मोजणार. म्हणजे माझी गाडी कागदावर लवकर म्हातारी होते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर आहे, नाही. सेन्सर एक आहे पण पुढे रस्ते वेगळे होतात.

पल्सवरून कॉम्प्युटर आधी कच्चा स्पीड काढतो, जो त्याच्या समजुतीप्रमाणे खरा आहे. काट्याकडे पाठवताना त्यात थोडी भर घालतो. ओडोमीटरकडे जाताना अशी भर घालत नाहीत, कारण 'कधीच कमी नको' ही अट स्पीडोमीटरसाठी आहे. ओडोमीटरवर वॉरंटी, सर्व्हिस आणि गाडीची पुन्हा विक्री अवलंबून असते, तिथे वर ढकलला तर गिऱ्हाइकाचं नुकसान आणि खाली ढकलला तर कंपनीचं. त्यामुळे तो जमेल तेवढा मधोमध ठेवतात. त्याची चूक फक्त टायरमुळे येते आणि ती दोन्ही बाजूंना जाऊ शकते.

भर कशी असते याचं एक उदाहरण घेऊ, पुढेही हेच वापरू. समजा एका गाडीत असं सेट केलंय:

काट्यावरचा स्पीड = कच्चा स्पीड × १.०३ + २

म्हणजे ३ टक्के आणि वर सरसकट २. खरा ४० असेल तर काटा ४३.२, खरा ८० ला ८४.४, खरा १२० ला १२५.६. तिन्ही नियमात आरामात बसतात. आणि काटा १०० वर असेल तर खरा स्पीड ९५ च्या आसपास, म्हणजे पहिल्या प्रश्नातला आकडा. पण याच गाडीने १०० किमी रस्ता कापला तर ओडोमीटर १०० च दाखवेल.

याचा पुरावा तुमच्याच डॅशबोर्डवर असतो. ट्रिप कॉम्प्युटरमधला ॲव्हरेज स्पीड हा सहसा ओडोमीटरच्या अंतराला वेळेने भागून काढलेला असतो. क्रूझ लावून काटा १०० वर स्थिर ठेवा, चालत्या गाडीतच ट्रिप रीसेट करा, पाच-दहा मिनिटं तशीच जाऊ द्या. बऱ्याच गाड्यांत ॲव्हरेज ९५-९६ येतो. गाडी एका खिडकीत १०० सांगते आणि दुसऱ्या खिडकीत ९५, आणि दुसरी खिडकी खरी.

मी थोडे मोठे टायर टाकले तर आता मीटर जीपीएसशी परफेक्ट जुळतोय. चांगलंच झालं ना?

इथे जरा थांबा, कारण हे दिसायला छान दिसतं पण यात एक गोष्ट सुधारली आणि दुसरी बिघडली.

वरचीच गाडी घेऊ, कंपनीचा टायर १८५/६५ आर १५, व्यास ६२१.५. तुम्ही टाकला २०५/६५ आर १५. साइडवॉल १३३.२५, दुप्पट २६६.५, अधिक ३८१, व्यास ६४७.५ मिमी. म्हणजे चाक ४.२ टक्के मोठं झालं. गाडीला हे माहीत नाही, ती अजून प्रत्येक दात्याला ३९.५ मिमीच धरते.

आता खरा स्पीड १२० असताना चाक आधीपेक्षा हळू फिरतंय, गाडीला वाटतं ११५.२. त्यात भर घातली, ११५.२ × १.०३ + २, काटा दाखवतो १२०.६. खऱ्या ८० ला काटा ८१. जीपीएस शेजारी ठेवलं तर वाटतं वा, एकदम बरोबर झाला.

पण ओडोमीटरमध्ये ती भर नव्हतीच. तो आता प्रत्येक खऱ्या १०० किमीला ९६ मोजतोय. दहा हजारांची सर्व्हिस तुम्ही खऱ्या १०,४१८ किमीला करणार. आणि मायलेज? खरे ५०० किमी ३० लिटरमध्ये गेलात तर १६.७ चं मायलेज, पण ओडोमीटर ४८० दाखवणार आणि तुम्ही हिशोब काढणार १६.० चा. मोठे टायर टाकल्यावर 'गाडी पेट्रोल जास्त प्यायला लागली' ही तक्रार होते त्यातला काही भाग हा असतो, जड चाकामुळे खरंच थोडं जास्त लागत असेल पण ४ टक्के तर नुसते मोजणीतले आहेत.

आणि अजून एक साइज वर गेलात, २०५/७० आर १५, व्यास ६६८, म्हणजे साडेसात टक्के मोठा. खऱ्या १२० ला काटा ११७, खऱ्या ८० ला ७८.७. भिंत ओलांडली, आता मीटर कमी दाखवतो आणि तुम्ही काट्याकडे बघून लिमिटमध्ये आहात असं समजून वर जाताय. ओडोमीटर १०० ला ९३. म्हणून रिम मोठी करायची असेल तर साइडवॉल त्या प्रमाणात कमी करून बाहेरचा व्यास जवळपास तोच ठेवतात. माझं मत विचाराल तर एक-दीड टक्क्याच्या आत रहा, मग दोन्ही मीटर आपापल्या जागी राहतात.

माझ्या गाडीत नक्की किती फरक आहे हे कसं तपासू?

स्पीडोमीटरसाठी सरळ, सपाट, मोकळा रस्ता, जीपीएसला उघडं आकाश, आणि शेजारी बसलेलं कुणीतरी जे आकडे वाचेल (चालवता चालवता दोन स्क्रीन बघत बसू नका, खरंच). स्पीड १०-१५ सेकंद स्थिर ठेवा आणि मग दोन्ही आकडे टिपा. महत्त्वाचं म्हणजे हे दोन वेगवेगळ्या स्पीडला करा. एकाच स्पीडला केलं तर फरक टक्क्यांत आहे की सरसकट आहे ते कळत नाही.

समजा जीपीएस ५० ला काटा ५३.५ आला आणि जीपीएस १०० ला १०५. खरा स्पीड ५० ने वाढला तर काटा ५१.५ ने वाढला, ५१.५ भागिले ५० म्हणजे १.०३, हे झाले ३ टक्के. मग ५० ला ३ टक्के धरून ५१.५ व्हायला हवे होते, आले ५३.५, म्हणजे २ सरसकट. दोन रीडिंगमध्ये गाडीची सेटिंग सापडली.

जीपीएस नसेल तर किलोमीटरचे दगड आणि घड्याळ पुरे. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत सेकंद मोजा आणि ३,६०० ला त्याने भागा. काटा ८० वर स्थिर आणि ४७.५ सेकंद लागले तर खरा स्पीड ७५.८. एका किलोमीटरवर घड्याळ दाबण्यातच अर्धा-एक सेकंद चुकतो म्हणून पाच दगड मोजून भागलेलं बरं.

ओडोमीटरसाठी एक किलोमीटर बिलकुल पुरत नाही. ट्रिप मीटर ०.१ किमीच्या टप्प्याने चालतो, एका किलोमीटरवर ०.१ म्हणजे १० टक्के, त्यातून काहीच कळत नाही. २० किमी धरले तर तोच ०.१ अर्ध्या टक्क्यावर येतो. दगडांचे आकडे बघून २० किमी चालवा, ट्रिप १९.८ ते २०.२ मध्ये आला तर ओडोमीटर चांगला म्हणायचा. टायर नवीन असताना एकदा आणि झिजल्यावर एकदा करून बघितलंत तर आकडा हळूच वर सरकलेला दिसेल.

ज्यांच्याकडे ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र, आहे त्यांना अजून एक रस्ता आहे. `010D` ही कमांड गाडीचा स्पीड विचारते आणि बऱ्याच गाड्यांत तिथे भर न घातलेला कच्चा आकडा मिळतो. काटा, ओबीडी आणि जीपीएस तिन्ही एकत्र बघा. ओबीडी आणि जीपीएस जुळले आणि काटा वर असेल तर ती नुसती कंपनीची भर आहे. ओबीडीच जीपीएसपेक्षा वेगळा असेल तर फरक टायरमध्ये आहे, आणि मग ओडोमीटर पण तेवढाच चुकतोय.

जीपीएसवर एवढा विश्वास ठेवायचा का?

स्थिर स्पीडला, उघड्या आकाशाखाली, हो. जीपीएस स्पीड काढताना नुसतं इथून तिथे किती गेलो एवढंच बघत नाही, सॅटेलाइटच्या सिग्नलची फ्रीक्वेन्सी किती सरकली त्यावरून थेट स्पीड काढता येतो आणि तो चांगलाच अचूक असतो. पण आकडा थोडा उशिरा येतो, त्यामुळे गाडी पळवताना किंवा ब्रेक मारताना जुळवाजुळव करू नका. बोगदा, उंच इमारती, दाट झाडी इथेही नको.

अंतराच्या बाबतीत मात्र मी जीपीएसला ओडोमीटरच्या वर ठेवणार नाही. वळणावळणाच्या रस्त्यावर जीपीएस ठरावीक वेळाने टिपलेले बिंदू सरळ रेषेने जोडतं आणि वळणं कापून टाकतं, कमी मोजतं. उलट गाडी जागेवर उभी असली तरी बिंदू थोडे इकडे तिकडे नाचतात आणि काही ॲप ते पण अंतरात धरतात. ओडोमीटर चाकाच्या मागोमाग प्रत्येक वळण मोजतो.

रिव्हर्स घेतली तर किलोमीटर कमी होतात का? चाक जागेवर फिरलं तर?

जुन्या केबलवाल्या बऱ्याच मीटरमध्ये ड्रम खरंच उलटे फिरायचे, आणि काटा शून्याच्या पिनवर दाबला जायचा कारण वाटी उलट्या बाजूला ओढली जायची. आताच्या गाड्या साधारणपणे रिव्हर्सचं अंतरही मिळवतातच.

चिखलात चाक जागेवर गरगर फिरलं आणि मोजणी त्याच चाकावर असली तर गाडी न हलता मीटर पुढे जातो. गाडी टो करून नेताना सगळं बंद असेल तर इलेक्ट्रॉनिक ओडोमीटर मोजणार नाही, केबलवाला मोजायचा, जर केबल ज्या चाकांशी जोडलेली ती जमिनीवर असतील तर.

बाइकचं पण असंच असतं का?

तत्त्व तेच, पण सेन्सर कुठे आहे ते आधी बघा. पुढच्या चाकावर असेल तर चेन-स्प्रॉकेट बदलल्याने काही होत नाही. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर असेल तर पुढचं स्प्रॉकेट १५ दात्यांचं काढून १४ चं टाकलं की तेवढ्याच रस्त्याला शाफ्ट १५ भागिले १४, म्हणजे ७ टक्के जास्त फिरतो. स्पीडोमीटर आधीच वर, त्यात अजून ७ टक्के, आणि इथे ओडोमीटरही सोबत जातो, १०० ला १०७. मागे सांगितलेल्या मोठ्या टायरच्या नेमकं उलटं.

बाइक वळणात झुकली की टायरच्या कडेवर चालते, कडेचा घेर मधल्यापेक्षा लहान, त्यामुळे तेवढ्या वेळापुरत्या फेऱ्या वाढतात. घाटातल्या रस्त्यावर ओडोमीटर किंचित जास्त येतो तो यामुळे, फार नाही.

मीटर दुरुस्त करून एकदम खरा करता येतो का?

टायर बदलल्यामुळे फरक आला असेल तर हो, आणि करायलाच हवा. काही गाड्यांत वर्कशॉपच्या टूलने टायरची साइज निवडता येते, मग कॉम्प्युटर दात्यामागचं अंतर नव्याने धरतो आणि स्पीडोमीटर-ओडोमीटर दोन्ही एकत्र सुधारतात. ज्या गाड्यांत ही सोय नाही तिथे, मुख्यतः बाइकसाठी, सेन्सर आणि मीटरच्या मध्ये लावायचं एक छोटं यंत्र मिळतं जे पल्सची संख्या ठरलेल्या टक्क्याने कमी-जास्त करतं. ते ओडोमीटर बघून सेट करा, स्पीडोमीटर बघून नको. २० किमीच्या दगडांवर ट्रिप २०.० आणलात की काटा आपोआप कंपनीच्या मूळ जागी, म्हणजे ३-५ टक्के वर, येऊन बसतो. उलट काटा जीपीएसशी जुळवत बसलात तर ओडोमीटर कमी मोजायला लागेल, कारण भर फक्त काट्यात आहे आणि यंत्र दोघांनाही कापतं.

कंपनीची ती भर मात्र काढायच्या फंदात पडू नका. ती काढली की उद्या नवा, जाड ट्रेडचा टायर टाकल्याबरोबर काटा खऱ्या स्पीडच्या खाली जाईल, आणि तुम्हाला ते डॅशबोर्डकडे बघून कळणार नाही.